हक्कसोड पत्र : सही करण्याआधी कागदाचं नाव वाचा



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या मिटिंगला तालुक्याहून एक वकीलताई आल्या होत्या. विषय होता वडिलांच्या जमिनीत लेकीचा हिस्सा. त्यांनी सांगितलेलं मी घरी येऊन लिहिलं आणि शेवटी माझ्या मनाने एक वाक्य घातलं, "बहिणींनो, हक्कसोडवर सही करू नका." छापण्याआधी त्यांना वाचायला दिलं, तर त्यांनी नेमकं तेच वाक्य खोडलं. म्हणाल्या, "कायदा काय म्हणतो ते लिही. कुणी काय करावं ते लिहू नकोस. कुणाच्या घरात काय आहे, हे तुला तरी कुठे माहीत आहे?" तेव्हा मला थोडा रागच आला होता. पण त्याच मिटिंगमध्ये जे घडलं होतं ते आठवलं आणि त्यांचं म्हणणं पटलं.

झालं असं, की मिटिंग संपताना एका ताईंनी विचारलं, "भावाने सोमवारी तालुक्याला बोलावलंय. म्हणतो, वारस नोंद करायची आहे, तुझा फोटो आणि अंगठा लागणार. जाऊ का?" (त्यांना विचारूनच हे लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

वकीलताईंनी जा किंवा जाऊ नका, असं काहीच सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तालुक्याला कुठल्या ऑफिसात?" आणि मग सगळ्यांसाठी फरक समजावला.

वडील वारले की त्यांच्या जागी वारसांची नावं सातबाऱ्यावर लागतात. ही वारस नोंद. तिचं काम तलाठ्याकडे असतं. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं देऊन अर्ज होतो. तलाठी फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यात दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, म्हणजे आपण ज्याला रजिस्टर ऑफिस म्हणतो तिथे, जावं लागत नाही. जिथे कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढतात, मशीनवर अंगठा घेतात आणि सोबत साक्षीदार लागतात, तिथे दस्त नोंदवला जातो. खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा हक्कसोड पत्र. तुम्हाला "वारस नोंद" सांगून तिथे नेत असतील, तर कागदाचा मथळा वाचायचा. वाचता येत नसेल तर आपल्या सीआरपी ताईकडून किंवा शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यायचा. मथळ्यात "हक्कसोड" किंवा "रिलीज डीड" असेल, आत "कोणताही मोबदला न घेता", "राजीखुशीने" असे शब्द असतील, तर तो कागद तुमचं नाव लावणारा नाही, काढणारा आहे.

आता हिस्सा किती, ते बघू. समजा वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे. वडील 2015 मध्ये वारले, मृत्युपत्र नाही, वाटणी झालेली नाही. मागे आई, एक भाऊ, दोन बहिणी. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे. तिच्यामुळे लेक जन्मापासूनच मुलाइतकी हिस्सेदार धरली जाते, लग्न झालेलं असलं तरी. अशा घरात हिशेब चौघांत सारखा पडतो, म्हणजे प्रत्येकी दीड एकर, एक एकर वीस गुंठे. आईचाही तेवढाच, हे बऱ्याच जणींच्या लक्षातच येत नाही.

"माझे वडील तर 2005 च्या आधीच गेले, मग माझं गेलंच की," असं पुष्कळ जणी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सांगितलं आहे, की त्या तारखेला वडील हयात असणं गरजेचं नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी जमीन विकलेली असेल, किंवा रीतसर नोंदवलेली अथवा कोर्टाच्या हुकमाने वाटणी झालेली असेल, तर ती आता मोडत नाही.

वकीलताई "ते बघावं लागेल" असं सारखं का म्हणतात, ते इथे कळतं. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र केलेलं असेल, तर हिशेब बदलतो. मुस्लिम आणि ख्रिश्चन घरांना वेगळे कायदे आहेत. आदिवासी समाजातल्या बहिणींना हा कायदा सरसकट लागू होत नाही. शेजारणीला मिळालं म्हणून मला मिळेलच, असं म्हणता येत नाही.

हक्कसोड पत्राबद्दल दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही महागात पडतात. पहिला असा, की साध्या स्टँपवर किंवा नोटरीसमोर सही केली म्हणजे हक्क गेला. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नुसत्या तशा कागदाने तो सुटत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही एवढ्यानेही मालकी संपत नाही, कारण सातबारा ही महसुलाची नोंद आहे. म्हणून जुना एखादा कागद झालाय म्हणून गप्प बसलेल्या ताईंनी तो एकदा दाखवून घेतला तर बिघडत नाही.

दुसरा गैरसमज याच्या उलट. "आत्ता सही करते, नाही पटलं तर रद्द करू." नोंदवलेलं हक्कसोड पत्र ऑफिसात जाऊन एकटीला रद्द करता येत नाही. दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो, फसवलं किंवा जबरदस्ती केली हे सिद्ध करावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते. "मी वाचलं नव्हतं" एवढं सांगून भागत नाही, कारण कागदावर तुमचाच फोटो आणि अंगठा असतो.

कुणी समजून उमजून भावाला हिस्सा सोडते, तोही तिचा हक्कच आहे. माझं वाक्य खोडलं ते यासाठी. वकीलताईंचं नाव आणि फोन इथे का नाही, असंही काही जणी विचारतील. वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही, तसा त्यांचा नियम आहे.

स्वतःच्या कागदावर सल्ला हवा असेल तर तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. जाताना सातबारा, आठ-अ, वडिलांच्या नावानंतर झालेल्या फेरफारांच्या नकला आणि मृत्यूचा दाखला न्या. फेरफाराची नकल सगळ्यात महत्त्वाची, नाव कधी आणि कशाच्या आधारे लागलं किंवा निघालं ते तिच्यातच दिसतं.

त्या ताईंनी रविवारी भावाकडून कागदाची झेरॉक्स मागून घेतली. मथळा "हक्कसोड पत्र" असाच होता. सोमवारी त्या तालुक्याला गेल्या, पण आधी विधी सेवा समितीत. पुढे त्यांनी काय ठरवलं, ते त्यांच्या घरचं आहे.

पुढच्या मिटिंगला ज्यांच्याकडे माहेरच्या जमिनीचा सातबारा असेल त्यांनी घेऊन या. नसेल तर गट नंबर लिहून आणा, मोबाईलवर एकत्र बघू.