हात कुणी धरिला? – कर्ता लपलेल्या ओळी कशा वाचायच्या



गेल्या रविवारी अभ्यासासाठी चार ओळी पाठवल्या होत्या. त्या कुठल्याही संतांच्या नाहीत. जुन्या मराठीच्या वळणाने आम्हीच सरावापुरत्या जुळवल्या आहेत, त्यामुळे त्या कुणाच्याही नावाने पुढे पाठवू नयेत. त्या अशा:

दारीं आला अंधारीं ।
हात धरिला, दिवा लाविला ।
तेणें देखिलें तें आपुलें ।
गेला, परी राहिला ॥

प्रश्न एकच होता. यात कोण काय करतं? बहुतेक घरांतून उत्तर आलं की गुरू आले, गुरूंनी हात धरला, गुरूंनी दिवा लावला. अर्थ गोड आहे, पण ‘गुरू’ हा शब्द ओळींत नाहीच मुळी. तो आपण आपल्या मनातून घातला. घालायला हरकत नाही, पण आधी ओळ काय सांगते ते बघू, मग आपलं मन काय सांगतं ते.

पहिली पायरी म्हणजे फक्त क्रियापदं वेगळी काढणं. आला, धरिला, लाविला, देखिलें, गेला, राहिला. सहापैकी पाच क्रियापदांच्या शेवटी ‘ला’ आहे, म्हणून वाटतं की पाचही कामं एकाच पुरुषाची. इथेच पाय घसरतो. ‘आला, गेला, राहिला’ यांना कर्म नाही, त्यामुळे ती कर्त्याप्रमाणे चालतात. येणारी बाई असती तर ‘आली’ झालं असतं. पण ‘धरिला’ मधला ‘ला’ हाताचा आहे आणि ‘लाविला’ मधला दिव्याचा. हाताऐवजी बोट ठेवून पाहा, ‘बोट धरिलें’ होईल. दिव्याऐवजी पणती ठेवा, ‘पणती लाविली’ होईल. करणारा तोच, तरी क्रियापद बदललं. म्हणजे दुसऱ्या ओळीतली क्रियापदं करणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाहीत. हात आईने धरला असेल, मुलाने धरला असेल, चौघांनी मिळून धरला असेल, ओळ अशीच राहील.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना हे हिंदीतून लगेच पटेल. ‘उसने हाथ पकड़ा, उसने उँगली पकड़ी’, यात ‘उसने’ पुरुष की बाई ते कळत नाही. बेळगावकडच्या ज्या घरांत कन्नडही बोलतात, तिथे मात्र गडबड होते, कारण कन्नडमध्ये क्रियापद नेहमी करणाऱ्याप्रमाणेच चालतं. ती सवय इथे लावली की हाताचा ‘ला’ माणसाला चिकटतो.

दुसरी पायरी म्हणजे ‘तेणें’. बडोद्याच्या एका काकूंनी लिहिलं, “तेणें म्हणजे त्याने. आलेल्यानेच पाहिलं.” गुजरातीत ‘तेणे जोयुं’ म्हणजे सरळ ‘त्याने पाहिलं’, म्हणून कानाला तसंच वाटणार. जुन्या मराठीत हाही अर्थ आहे, पण ‘तेणें’ म्हणजे ‘त्यामुळे, त्या योगे’ असाही होतो. मग वाचन बदलतं: त्या दिव्याच्या उजेडामुळे पाहिलं. आणि पाहणारा? तो तर ओळीतून गळालेलाच आहे.

दोन्हींपैकी कुठलं धरायचं? शेजारचा ‘आपुलें’ इथे मदत करतो. अशा वाक्यात ‘आपुलें’ साधारणपणे जो पाहतो त्याच्याकडे वळतं, त्याचं स्वतःचं जे आहे ते. आलेल्याने पाहिलं म्हणावं, तर तो दुसऱ्याच्या दारी येऊन स्वतःचं पाहून गेला असं होतं. व्याकरण याला अडवत नाही. पण मग हात धरण्याचं आणि दिवा लावण्याचं कारण उरत नाही. घरातला माणूस अंधारात होता, दिव्यामुळे त्याला त्याचं स्वतःचं दिसलं, असं घेतलं की दोन्ही ओळी एकमेकींना धरून राहतात. आम्ही हे वाचन घेतो.

इथे एक सावधगिरी. एका गटात याच ओळी कुणीतरी अनुस्वार गाळून टाईप केल्या: ‘तेणे देखिले ते आपुले’. त्यावर उत्तर आलं की ‘ज्यांना पाहिलं ते आपलेच लोक निघाले.’ चूक वाचणाऱ्याची नव्हती. ‘तें’ म्हणजे ती एक वस्तू, नपुंसकलिंगी. ‘ते’ म्हणजे ते पुष्कळ जण. एक टिंब गेलं आणि वस्तूची माणसं झाली. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार आजच्या लेखनातून काढले. पण केशवसुतांपूर्वीचं पद्य मुळाप्रमाणेच छापावं, असंही महामंडळाच्या नियमांत आहे. म्हणून मोबाईलवर आलेल्या जुन्या अभंगात ‘ते’ कोण हे लागेना, तर आधी छापील गाथेत टिंब आहे का ते बघावं, अर्थ नंतर लावावा.

तिसरी पायरी शेवटच्या ओळीची. कोण गेला, कोण राहिला? हैदराबादच्या एका दादांनी सुचवलं, “अंधार गेला, दिवा राहिला.” दोन्ही शब्द पुल्लिंगी, दोन्ही ओळींत आलेले, व्याकरणात बसतात. हे उत्तर वाचून आम्हीही थांबलो. मग ‘परी’ कडे लक्ष गेलं. परी म्हणजे पण. दिवा लावल्यावर अंधार गेला आणि दिवा राहिला, यात ‘पण’ कशाला हवा? ते होणारच. ‘पण’ लागतो तो जो गेला तोच राहिला म्हणताना. शिवाय पहिल्या ओळीतल्या ‘आला’ ची जोडी ‘गेला’ शी जुळते. म्हणून इथे आलेलाच धरावा.

आता मागे ठेवलेला प्रश्न. हात कुणी धरिला? वांदरीचं पिल्लू आईला स्वतः धरतं, मांजर पिल्लाला तोंडात धरते, हा दृष्टांत आपण ऐकलेला आहे. आलेल्याने धरला तर मांजराचं, घरातल्याने धरला तर वांदरीचं. म्हणजे पकड कुणाची, हे सगळं या एका क्रियापदावर, आणि क्रियापद तर हाताबद्दलच बोलतं! नवा कर्ता येईपर्यंत आधीचा चालू ठेवावा, या रीतीने आम्ही आलेल्याकडे झुकतो. पण हा कल आहे, निकाल नाही. दुसरं कुणी म्हणालं की घरातल्यानेच चाचपडत हात धरला, तर ओळ त्याला खोटं पाडत नाही. तेव्हा या एका जागेवरून घरात वाद नको. ‘तें’ चा अर्थ माणसं, यावर मात्र चूक म्हणायला हवं.

या आठवड्याचा अभ्यास: रोज म्हणता त्यातला एक अभंग वहीत उतरवा. क्रियापदांचे दोन रकाने करा, एकात करणाऱ्याप्रमाणे चालणारी, दुसऱ्यात कर्माप्रमाणे चालणारी. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येकापुढे कर्ता लिहा आणि तो कुठल्या शब्दावरून ठरवला तेही लिहा. शब्द सापडला नाही तर जागा कोरी ठेवा. कोऱ्या जागांबद्दल पुढच्या रविवारी बोलू.