समाधानी माणूस नोकरी का सोडतो?

प्रश्न : कामाचे समाधान, संस्थेशी बांधिलकी आणि नोकरी सोडणे यांचा संबंध निबंधात कसा मांडावा?

उत्तर : समाधान घटताच राजीनामा पडत नाही. विल्यम मोब्ले यांनी १९७७ मध्ये मधले टप्पे दाखवले : सोडण्याचा विचार, शोध, तुलना, मग निर्धार.

समजा, डोंबिवलीची एक लेखापाल चर्चगेटच्या नोकरीत खूश आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तेवढ्याच पगाराची जागा मिळाली, तर लोकलची गर्दी आठवून ती जाईल. तिचा सहकारी वैतागलेला, तरी ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे भरेपर्यंत टिकेल.

मेयर आणि ॲलन यांच्या मांडणीत सहकाऱ्याचे हे टिकणे म्हणजे सोडण्याच्या किमतीतून आलेली बांधिलकी. जिव्हाळ्याची आणि कर्तव्यभावनेची बांधिलकी वेगळी. परीक्षकाला नेमका हाच भेद दाखवावा. सहकारी हजेरी लावतो, पण जीव ओतत नाही. गळतीच्या आकड्यात तो दिसतच नाही.