आवाजाचा करार : खर्च किती, कलमे कोणती?

समजा, तुम्ही पुण्यात बारवांवर वीस मिनिटांचा माहितीपट करत आहात. निवेदनाची संहिता दीड हजार शब्दांची आहे, आवाज ठरला आहे आणि ‘बारा हजार देतो’ एवढे बोलणे फोनवर झाले आहे. पुढचे बहुतेक वाद या एका वाक्यातूनच निघतात. बारा हजार कशाचे, हे त्यात कुठेच नाही. दोन पानांचा साधा करार ते स्पष्ट करतो. इथले दर उदाहरणादाखल आहेत. आकडे तुमचे घाला, रचना हीच ठेवा.

मानधन

मानधन तासावर ठरवू नका, कामावर ठरवा. दीड हजार शब्दांचे निवेदन साधारण बारा-तेरा मिनिटे चालते, पण रीटेक धरून त्याला स्टुडिओचे दोन तास लागतात. म्हणून लिहा : ‘१,५०० शब्दांपर्यंतच्या मराठी निवेदनाचे मानधन १२,००० रुपये, निम्मे सही करताना, निम्मे ध्वनिमुद्रण संपल्यावर सात दिवसांत.’ दुसरा हप्ता ‘माहितीपट प्रदर्शित झाल्यावर’ असा ठेवू नका. प्रदर्शन लांबले, तर त्याचा भुर्दंड काम पूर्ण केलेल्या कलाकाराला बसतो. स्टुडिओचे भाडे कोण देणार, हेही इथेच लिहा.

वापर

याच कलमाला सर्वांत जास्त वेळ द्या. आवाज कुठे, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात वापरणार, हे तिन्ही लिहा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सादरकर्त्यांच्या हक्कांनाही हा नियम लागू होतो. माहितीपट यूट्यूबवर टाकायचा असेल, तर तो पहिल्या दिवसापासून जगभर दिसणार. त्यामुळे ‘जगभर’ हा शब्द करारात हवाच.

आपल्या उदाहरणात असे लिहिता येईल : ‘महोत्सव, विनाशुल्क खेळ, दिग्दर्शकाचे यूट्यूब चॅनेल आणि याच माहितीपटाचा ट्रेलर; जगभर; ५ वर्षे. ओटीटी किंवा वाहिनीला विक्री झाल्यास आणखी ८,००० रुपये. जाहिरातीसाठी किंवा दुसऱ्या कलाकृतीत वापर करायचा असल्यास नवा लेखी करार.’ ‘सर्व हक्क कायमचे’ असे लिहून घेणे सोपे वाटते, पण मग कलाकार त्याचीच किंमत मागतो आणि तुम्ही कधीच करणार नाही अशा वापराचे पैसे मोजता.

श्रेय

‘श्रेय दिले जाईल’ एवढे पुरत नाही. नाव नेमके कसे छापायचे, ‘निवेदन’ या शीर्षकाखाली की ‘आवाज’ या, पडद्यावर की यूट्यूबच्या वर्णनातही, हे लिहा. श्रेयाला कायद्याचेही वजन आहे. चित्रपटातल्या किरकोळ, प्रासंगिक कामाचे नाव श्रेयनामावलीत नसेल, तर ते करणारी व्यक्ती बहुतेक बाबतींत ‘सादरकर्ता’ धरलीच जात नाही. गर्दीतला एखाद-दुसरा आवाज देणाऱ्याचे नावही म्हणूनच टाळू नये. नाव चुकले, तर किती दिवसांत दुरुस्त करणार, हेही नोंदवा.

दुरुस्त्या

चूक कुणाची, यावर पैसे ठरतात. उच्चार चुकला किंवा शब्द गाळला, तर कलाकाराने पुन्हा विनामूल्य वाचावे. संपादनात तुम्ही संहिता बदलली, तर तो खर्च तुमचा. मधला मार्ग असा : ‘संहितेच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या बदलांसाठी अर्ध्या तासाची एक फेरी मानधनात समाविष्ट, पहिल्या ध्वनिमुद्रणापासून ३० दिवसांत. नंतर प्रत्येक अर्ध्या तासाला १,५०० रुपये.’ मुदतीला तांत्रिक कारणही आहे. महिनोन्महिन्यांनी वेगळ्या खोलीत, वेगळ्या माइकवर घेतलेले वाक्य आधीच्या निवेदनात जोडले की ते लगेच वेगळे ऐकू येते. म्हणून दुरुस्तीची फेरी त्याच स्टुडिओत, त्याच माइकवर घ्यावी, असे लिहा आणि ती एडिट पक्का झाल्यावरच लावा.

एकूण हिशेब

मानधन १२,००० रुपये. ताशी हजाराने स्टुडिओचे दोन तास आणि दुरुस्तीचा एक तास मिळून ३,०००. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० रुपयांच्या मुद्रांकाने घेतली आहे; ते धरून एकूण १५,५००. दुरुस्तीची आणखी एक फेरी लागली, तर १,५०० आणि स्टुडिओचे १,००० मिळून आकडा १८,००० होतो. पुढे ओटीटीला विक्री झाली, तर २६,०००.

म्हणजे ‘बारा हजारांचा’ आवाज खरे तर साडेपंधरा ते सव्वीस हजारांचा आहे. हे दोन्ही आकडे अंदाजपत्रकात मांडा, कराराच्या प्रत्येक पानावर दोघांनी सही करा आणि त्यानंतरच स्टुडिओची वेळ ठरवा.