तुळईत बिजागरी असेल तर प्रतिक्रिया कशा काढाव्यात?

प्रश्न : तीन आधारांवरच्या तुळईत मध्येच बिजागरी आहे. समतोलाची समीकरणे अपुरी पडतात. काय करावे?

उत्तर : बिजागरीपाशी बेंडिंग मोमेंट शून्य असतो, तेच तुमचे जादा समीकरण. समजा आधार अ, ब, क हे 0, 6 आणि 12 मीटरवर आहेत, बिजागरी 8 मीटरवर आहे आणि सर्वत्र दर मीटरला 10 किलोन्यूटन भार आहे. तुळई बिजागरीपाशी तोडा आणि टेकलेला तुकडा आधी सोडवा. उजवा 4 मीटरचा तुकडा साध्या तुळईसारखा आहे, म्हणून क ची प्रतिक्रिया 20, आणि बिजागरीतून डाव्या भागावर 20 किलोन्यूटन खाली येतात. आता डाव्या भागाचे अ भोवती मोमेंट घ्या : 6 × ब = 80 × 4 + 20 × 8. म्हणून ब = 80 आणि अ = 20. बेरीज 120, म्हणजे एकूण भाराइतकीच.

बेंडिंग मोमेंटच्या आकृतीत अ पासून 2 मीटरवर +20 किलोन्यूटन-मीटर, 4 मीटरवर शून्य, ब वर −60, बिजागरीवर शून्य आणि 10 मीटरवर पुन्हा +20 येते. बरेच विद्यार्थी बिजागरीपाशी वक्राला कोपरा काढतात. ते चूक आहे. तिथे बिंदुभार नसेल तर वक्र शून्यरेषा सरळ ओलांडतो, कारण त्याचा उतार म्हणजे कर्तन बल, आणि ते दोन्ही बाजूंना 20 च आहे. कोपरा पडतो तो वाकलेल्या तुळईच्या आकारात. तुमच्या आकृतीत बिजागरीच्या दोन्ही बाजूंचा उतार जुळतो का, ते आधी तपासा.