दमा आणि सीओपीडी : धाप सारखी, आजार वेगळे

"आजीला दमा, म्हणून नातवालाही दमा" असं आपण सहज बोलून जातो. पण आजीने ३०-४० वर्षं चुलीचा धूर सोसला असेल आणि धाप पन्नाशीनंतर लागू लागली असेल, तर तो सीओपीडी असू शकतो. नातवाची छाती मात्र लहानपणीच वाजू लागते, आणि मधल्या दिवसांत तो मैदानात मस्त धावतोही.

फरक दिसतो स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकण्याच्या तपासणीत. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजतात. मग श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजतात. समजा, नातू १२०० मिलिलिटरवरून १५०० वर गेला. २५ टक्के वाढ. आजी १००० वरून १०५० वर. जेमतेम ५ टक्के.

असं का? दम्यात बहुधा इओसिनोफिल पेशींची सूज असते आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. औषधाने ते सैल पडतात, स्टेरॉइडच्या पंपाने सूज उतरते. सीओपीडीत न्यूट्रोफिल पेशी जास्त. बारीक नळ्या आतून जाड होऊन आकसतात, वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात. गेलेली भिंत पंपाने कशी परत येणार? आजीला आराम पडतो, पण फुंक पहिल्यासारखी होत नाही.

मात्र बरं वाटत असताना नातवाची तपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते, म्हणून एका रिपोर्टवर "दमा नाहीच" म्हणू नका. आणि वर्षानुवर्षं अंगावर काढलेला दमाही नळ्या जाड करतो. मग औषधाने पडणारा फरक त्यातही कमी होत जातो.