दोघांच्या नावावरील सदनिका: मृत्यूनंतर हिस्सा कोणाचा?

प्रश्न: कोथरूडमधील सदनिका पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असून पतीचे मृत्युपत्राविना निधन झाले आहे. मुलगा, मुलगी आणि पतीची आई हयात असताना पूर्ण सदनिका पत्नीची होते का?

उत्तर: बहुधा नाही. संयुक्त मालकीत एका मालकाच्या निधनानंतर त्याचा हिस्सा हयात मालकाकडे आपोआप जातो, ज्याला उत्तरजीवित्वाचा हक्क म्हणतात. सामाईक मालकीत मात्र प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र असतो आणि तो त्याच्या वारसांकडे जातो. खरेदीखतात उत्तरजीवित्वाचा स्पष्ट उल्लेख नसल्यास भारतातील न्यायालये सामान्यतः सामाईक मालकीच गृहीत धरतात, आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 45 नुसार हिस्से गुंतवलेल्या रकमेच्या प्रमाणात ठरतात. त्याचा पुरावा नसल्यास ते समान मानले जातात.

हिस्से समान धरल्यास, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार पतीचा अर्धा हिस्सा पत्नी, मुलगा, मुलगी व आई यांच्यात समान विभागला जातो. त्यामुळे पत्नीकडे एकूण 5/8, तर इतर तिघांकडे प्रत्येकी 1/8 हिस्सा येतो. सोसायटीतील नामनिर्देशनाने ही विभागणी बदलत नाही. म्हणून विक्रीपूर्वी चारही वारसांची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावे.