रक्त थांबत नाही? तपासणीआधी वंशावळ काढा : काय विचारायचं, किती खर्च येतो

मुलाचा दात पडला आणि दोन दिवस रक्त झिरपत राहिलं, किंवा रांगायला लागल्यापासून गुडघा सारखा सुजतो, अशी तक्रार घेऊन कुर्डुवाडी किंवा माढ्याचं कुटुंब सोलापूर-पुण्याकडे निघतं, तेव्हा खर्चाची सुरुवात बहुधा चुकीच्या टोकाने होते. कुणीतरी जनुकांची मोठी तपासणी सुचवतं. खासगीत तिला साधारण पंधरा ते तीस हजार रुपये लागतात. ती कधी ना कधी लागेलही, पण नेमकं काय शोधायचं हे ठरण्याआधी ती केली तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त. हे ठरवणारं पहिलं साधन फुकट आहे : एक कोरा कागद, पेन्सिल आणि आजीबरोबर निवांत तासभर.

चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्री. ज्याला त्रास आहे त्याचं चिन्ह काळं करायचं, माणूस हयात नसेल तर त्यावर तिरपी रेघ मारायची. नवरा-बायको आडव्या रेघेने जोडायचे, मुलं त्याखाली वयाच्या क्रमाने. लग्न नात्यातलं असेल तर आडवी रेघ दुहेरी. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न नवीन नाही, त्यामुळे ही दुहेरी रेघ विसरलात तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

विचारताना ‘कुणाला आजार होता का’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येतं. दात काढल्यावर रक्त थांबलं नाही असं कुणाचं झालं? कान टोचल्यावर, सुंता केल्यावर? कुणाचा गुडघा किंवा कोपर आखडलेलं होतं? कुणा बाईला बाळंतपणात किंवा पाळीत फार रक्त जायचं? तान्हेपणी गेलेला एखादा मुलगा आहे का, आणि तो कशाने गेला? वाचलेल्यांइतकीच गेलेल्यांची नोंद महत्त्वाची. कुणी दत्तक असेल तर तेही लिहा. हेळव्याच्या चोपडीत पिढ्या सापडतील, पण ती मुख्यतः बापाकडच्या पुरुषांची नोंद. इथे निर्णायक ठरते ती आईची बाजू, म्हणून मावशी, आजोळची आत्या आणि आईची मामेभावंडं यांना फोन करा.

आता कागद वाचायचा. दर पिढीत कुणीतरी काळं आहे, मुलगे-मुली दोन्ही आहेत, आणि बापाकडून मुलाकडे त्रास गेलेला दिसतो, तर तो गुण प्रभावी असण्याची शक्यता मोठी. रक्ताच्या आजारांत तेव्हा पहिला संशय फॉन विलिब्रांड आजारावर जातो. आईबाप ठणठणीत, पण एकाच घरातली मुलगा-मुलगी दोन्ही आजारी, आणि वर दुहेरी रेघ, तर अप्रभावी गुणाचा विचार करायचा. फक्त मुलगेच काळे आणि त्यांना जोडणाऱ्या बायका निरोगी, तर गुण लिंगसंलग्न : हिमोफिलिया. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाप मुलाला वाय देतो, एक्स देत नाही. त्यामुळे बापाचा हिमोफिलिया बापाकडून मुलाकडे जातच नाही.

पण नात्यातल्या लग्नात हाच नियम दिशाभूल करतो. एक कल्पित कुटुंब घेऊ. मामाला लहानपणापासून त्रास होता, गुडघा आखडलेला. त्याची बहीण निरोगी, पण तिच्या मुलालाही, म्हणजे भाच्याला, तोच त्रास. भाच्याचं लग्न मामाच्या मुलीशी झालं. त्यांना सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, आणि दोघांनाही रक्त थांबत नाही. कागदावर बाप काळा, मुलगा काळा, मुलगीही काळी. वरवर पाहणारा ‘प्रभावी’ म्हणेल.

दुहेरी रेघेवरून वर जा. मामा बाधित, म्हणून त्याची प्रत्येक मुलगी वाहक असणारच, तिला तपासायचीही गरज नाही. भाचा बाधित, म्हणून त्याच्या मुलीला बापाकडून बिघडलेला एक्स मिळाला, आणि आईकडूनही बिघडलेलाच मिळण्याची शक्यता निम्मी. मुलाचा आजार बापाकडून आलेला नाही, तो आईकडून आला. दोन वेगळ्या वाटांनी एकच दोष घरात उतरला. पुढच्या प्रत्येक बाळाला, मुलगा असो वा मुलगी, धोका निम्मा. हाच भाचा नात्याबाहेर, ज्या घरात हा दोष नाही अशा घरात, लग्न करता तर सगळे मुलगे निरोगी आणि सगळ्या मुली वाहक असत्या. म्हणून इथे मोठी तपासणी नको. आधी फॅक्टर आठ आणि फॉन विलिब्रांड घटक मोजायचे. आठ फार कमी आणि फॉन विलिब्रांड ठीक आले, तर अंदाज पक्का झाला. आठ ठीक असेल तर फॅक्टर नऊ.

खर्चाचा क्रम असा. पीटी आणि एपीटीटी या पहिल्या चाचण्या खासगीत काही शे रुपयांत होतात. एकेक फॅक्टर मोजायला साधारण दीड ते साडेतीन हजार. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे बरंच स्वस्त पडतं, सोलापूरचं सर्वोपचार रुग्णालय आपल्याला जवळचं. मात्र आधी फोन करून फॅक्टरची चाचणी तिथेच होते की बाहेर पाठवतात, आणि कोणत्या दिवशी, हे विचारा. हे दर प्रयोगशाळेगणिक बदलतात, तेही विचारून घ्या.

फॅक्टरचा नमुना गावात काढून पुण्याला पाठवण्याचा मोह टाळा. निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंत रक्त भरावं लागतं आणि ते तीन-चार तासांत प्रयोगशाळेत प्रक्रियेला जावं लागतं. उशीर झाला की फॅक्टर आठ खोटाच कमी येतो, आणि निरोगी मुलावर शिक्का बसतो. पोरगंच घेऊन गाडीत बसा. जनुक तपासणीचं जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त मात्र प्रवास सहन करतं, ते पाठवता येतं.

घरातल्या मुली वाहक आहेत का, हे फॅक्टर मोजून नक्की कळत नाही. वाहक बाईचा फॅक्टर सामान्यही येऊ शकतो, आणि गरोदरपणात तो वाढतो. त्यासाठी जनुक लागतं, पण आधी आजारी मुलाचा दोष शोधा. तीव्र हिमोफिलिया ‘ए’च्या जवळपास निम्म्या कुटुंबांत इंट्रॉन २२ नावाचा एकच ठरावीक उलटफेर सापडतो. प्रयोगशाळेला आधी तोच तपासायला सांगा, पूर्ण जनुक वाचण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था या कामासाठी ओळखली जाते. गर्भाची तपासणी १९९४च्या कायद्याने लिंगसंलग्न आजारासाठी नोंदणीकृत केंद्रातच करता येते, म्हणून हे काम दिवस राहण्याआधी उरकलेलं बरं.

कागदाची मर्यादाही सांगायला हवी. साधारण तीनातल्या एका रुग्णाच्या घरात पूर्वी कुणालाच हिमोफिलिया नसतो. दोष नव्याने घडलेला असतो किंवा घरात मुलगेच कमी असल्याने लपलेला असतो. एकच काळा चौकोन असेल तर वंशावळ काहीच सिद्ध करत नाही, ती फक्त चाचणीचा क्रम सुचवते.

निदान झाल्यावर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. उपचारासाठी जाताना मध्यम किंवा तीव्र हिमोफिलियाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला शयनयानात रेल्वे भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, ठरावीक नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. राज्यातल्या काही सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो. तुमच्या जवळचं केंद्र कोणतं, हे पहिल्याच भेटीत विचारा.

आणि निदान होईपर्यंत त्या मुलाचा दात काढू नका, कान टोचू नका, सुंता पुढे ढकला, कंबरेत किंवा दंडात इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना हा संशय सांगा, आणि दुखतं म्हणून ॲस्पिरिन देऊ नका.